खणातलं परंतुक

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी काळा कोट घालून नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात पहिल्यांदा शिरलो. आपल्याला कायदा येतो अशी माझी पक्की समजूत होती. परीक्षेत गुण बरे पडले होते, आवाज मोठा होता आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता. एवढ्या भांडवलावर माणूस वकील होतो असं मला वाटायचं. ही समजूत उतरवायला ज्यांनी फार कष्ट घेतले ते माझे सर. त्यांच्याकडे मी ज्युनिअर म्हणून राहिलो आणि पुढची बरीच वर्षं राहिलो.

सर तेव्हा साठीत होते. बारीक अंगकाठी, कोर्टात आवाज इतका हळू की न्यायाधीशांना पुढे वाकावं लागे. त्यांचं ऑफिस सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. खालून एसटीचे भोंगे ऐकू यायचे आणि कंडक्टरच्या हाका. त्या गोंगाटात सर कायदा मोठ्यानं वाचायचे. त्यांची वाचायची एक रीत होती. ते ओळीखाली एक कोरं पोस्टकार्ड धरत आणि ती ओळ संपेपर्यंत खालची दिसू देत नसत. सुरुवातीला मला हे पाहून हसू यायचं. पहिलीतलं पोरही इतकं हळू वाचत नाही, असं मी एकदा बोलूनही दाखवलं.

"पहिलीतलं पोर प्रामाणिक असतं," सर म्हणाले. "त्याला पुढे काय लिहिलंय ते ठाऊक नसतं. तुला ठाऊक असतं, म्हणून तू वाचत नाहीस, ओळखतोस."

शिकवण्यासाठी ते वेगळं असं बसले कधीच नाहीत. चहा येईपर्यंतच्या वेळात शिकवत. एकदा मी चोरीचं कलम घडाघडा म्हणून दाखवलं. सरांनी विचारलं, "मळ्यात उभा असलेला कोबी चोरीला जाऊ शकतो का?" मी म्हटलं, रोज जातो. "कलमाप्रमाणे सांग. चोरी जंगम वस्तूची होते. कोबी जमिनीला धरून उभा आहे." मग त्यांनी पोस्टकार्ड खाली सरकवलं. कलमाखाली स्पष्टीकरण होतं. जमिनीला चिकटलेली वस्तू तशी आहे तोवर चोरीचा विषय होत नाही, पण जमिनीपासून सुटी केली की त्याच क्षणी होते. आणि त्याखाली दुसरं स्पष्टीकरण, की ज्या कृतीनं ती सुटी केली त्याच कृतीनं हलवली तरी चोरी होऊ शकते. म्हणजे विळ्याच्या एकाच फटक्यात कोबी चोरीलायक होतो आणि चोरीलाही जातो. मखमलाबादच्या मळेवाल्याला हे कळायला कायदा लागत नाही, पण त्याच्या वकिलाला लागतो.

परंतुकाबद्दल, म्हणजे कलमाखाली 'परंतु' म्हणून येणाऱ्या अटीबद्दल, ते म्हणत, "कलम पाहुण्याला 'या' म्हणतं. परंतुक म्हणतं, 'या, पण चपला बाहेर काढून.' जो 'या' ऐकूनच घुसतो तो तू." व्याख्येबद्दल म्हणत, की 'म्हणजे' असं लिहिलं असेल तर दार बंद, 'यांचा समावेश होतो' असं असेल तर दार उघडं. आणि 'करील' की 'करू शकेल' एवढ्यावरून बंधनकारक काय ते ठरवू नकोस. ते न केल्यास काय होईल हे कायद्यानं सांगितलंय का, आणि नियम कशासाठी केलाय, हे आधी बघ. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. डोलावणं मला छान जमायचं.

ऑफिसातलं एक काम मात्र मला अगदी हलकं वाटे. कायद्यात दुरुस्ती झाली की राजपत्रात छापून येई. सर तिची नक्कल काढून घेत, नेमक्या ओळींची पट्टी कापत आणि ती जुन्या पुस्तकात ज्या कलमाला लागू असेल त्याखाली डिंकानं चिकटवायला मला देत. नवी पुस्तकं दरसाल कोण घेणार? सरांची पुस्तकं अशा पट्ट्यांनी जाडजूड झाली होती, मिटता मिटत नसत. पट्ट्या कापायचे ते, चिकटवायचो मी. चार-पाच वर्षं वकिली करून डिंकाची बाटली हातात घ्यायची म्हणजे माझा संताप व्हायचा. मी पट्ट्या खणात टाकायचो आणि म्हणायचो, बघू सवडीनं.

त्याच सुमाराला, एका पावसाळ्यातल्या शनिवारी, ती बाई आली.

सर एका जुन्या दाव्याच्या सुनावणीसाठी चार दिवस मुंबईला गेले होते. ऑफिसात मी एकटाच, म्हणजे मीच मोठा वकील. बाई पश्चिमेच्या डोंगराकडची होती, पस्तिशीची असेल. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. तिनं जिन्याखालच्या नळावर ते धुतले आणि मगच वर आली. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले आणि म्हणाली, "सायेब, मी सरपंच हाय. परवा पाडली मला."

हकिगत साधी होती. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. सरपंचपद अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी राखीव, आणि त्यावर ही. वरच्या पाड्याला विहीर मंजूर होत होती. उपसरपंचाला ती खाली, त्याच्या वावराजवळ हवी होती. हिनं सही केली नाही. वरच्या पाड्यातल्या बायका दोन डोंगर उतरून पाणी आणत होत्या, त्यांत हिची बहीणही होती. मग अविश्वासाची नोटीस गेली, तहसीलदारांनी सभा बोलावली आणि गुरुवारी मतदान झालं. सहा विरोधात, तीन बाजूनं. तीनमधलं एक हिचं स्वतःचं. तहसीलदारांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं, आणि त्या क्षणापासून हिच्या हातातले अधिकार थांबले. पुढच्याच बैठकीत विहिरीची जागा बदलणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी ऐटीत ग्रामपंचायत कायदा काढला. पस्तिसावं कलम. ठराव मंजूर व्हायला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांशांपेक्षा कमी नाही इतकं बहुमत लागतं. नऊचे दोन तृतीयांश सहा. सहा मतं पडली. मी पुस्तक मिटलं.

"बाई, यात काही उरलेलं नाही. बरोबर सहाच लागतात, आणि सहाच पडलीत."

ती उठली नाही. म्हणाली, "आमची ट्रेनिंग झाली व्हती तालुक्याला. तिथं त्या म्याडम बोलल्या, बाई सरपंचासाठी काही येगळं हाय म्हणून. त्या पुस्तकात नाय का लिवलेलं?"

आणि मी, गुण बरे पडलेला माणूस, तिला म्हणालो, "ते पद राखून ठेवण्यापुरतं. मतं मोजताना बाई काय आणि बुवा काय, सारखेच."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला माझी हुशारी दाखवायची होती. कागद चाळताना दिसलं, की नोटिशीबरोबर नियमाप्रमाणे जेवढ्या प्रती द्यायच्या त्याहून दोन कमी दिल्या होत्या. मी म्हटलं, हा एक मुद्दा आहे, सर आले की विचारतो, पण फार आशा धरू नका. तिनं कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. "बरं," म्हणाली, आणि अनवाणी पायांनी जिना उतरून गेली. मी खाली उतरून चहा प्यायलो. तो चहा मला अजून आठवतो, आणि माझी मलाच लाज वाटते.

सर बुधवारी दुपारी परतले. मी चार दिवसांचा अहवाल दिला आणि त्यात हेही सांगितलं, जरा फुशारकीनं. प्रतींचा मुद्दा आपण कसा हेरला ते तर रंगवून सांगितलं.

"प्रती कशासाठी असतात?" सरांनी विचारलं.

"संबंधितांना कळावं म्हणून."

"बाईंना नोटीस मिळाली? सभा कळली? त्या बोलल्या, त्यांनी मत दिलं? मग दोन कागद कमी पडले म्हणून कुणाचं काय बुडालं? आणि प्रती कमी पडल्या तर नोटीस रद्द, असं कुठे लिहिलंय? त्यावर घर बांधू नकोस. मतं किती पडली म्हणालास?"

"सहा. नवातली सहा."

"पद राखीव आहे ना स्त्रीसाठी?" सर थांबले. मग फक्त म्हणाले, "वाच."

मी पुस्तक काढलं. त्यांनी पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं. ओळीखाली कार्ड धरून मी वाचत गेलो, दोन तृतीयांशापर्यंत आलो, कार्ड सरकवलं. पुढे दुसरं पोटकलम.

"पट्टी कुठे आहे?" सर म्हणाले.

मला एकदम सगळं आठवलं. मी माझा खण उघडला. डिंकाची बाटली, जुन्या तारखांचे कागद, आणि खाली सात-आठ पट्ट्या. तिसरी तीच होती. सरांच्या अक्षरात कोपऱ्यात कलमाचा आकडासुद्धा घातलेला होता. परंतु, सरपंचाचं पद स्त्रीसाठी राखीव असेल आणि ते स्त्री धारण करत असेल, तर असा ठराव एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांशांपेक्षा कमी नाही इतक्या बहुमतानेच मंजूर होईल.

नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात. सहा मतं पडली होती. म्हणजे ठराव पडला होता, आणि बाई सरपंच होती. गुरुवारपासून आजपर्यंत ती सरपंचच होती, आणि मी तिला परत पाठवलं होतं. ट्रेनिंगमधलं एक वाक्य तिनं नीट लक्षात ठेवलं होतं. मला सगळा कायदा पाठ होता.

सर चिडले असते तर बरं झालं असतं. मी चिडण्याला सरावलेलो होतो. त्यांनी नुसतं विचारलं, "वाद नेण्याची मुदत?"

ठरावाच्या तारखेपासून सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद न्यायचा. मी बोटांवर मोजलं. गुरुवार एक, शुक्रवार दोन... बुधवार सात. घड्याळात तीन वाजून गेले होते.

"सर, आजच सातवा दिवस आहे!"

"तारखे'पासून' मोजताना पहिला दिवस सोडतात. त्यासाठीही कायदा आहे, शब्द कसे वाचायचे ते सांगणारा. उद्या सातवा." आणि मग वाद नेण्याच्या पोटकलमावर कार्ड ठेवून म्हणाले, "हे बघ, एकाच वाक्यात दोन मुदती आहेत. बाईंनी सात दिवसांत वाद न्यायचा. जिल्हाधिकाऱ्यांनी तो 'शक्य असेल तिथवर' अमुक दिवसांत निकाली काढायचा. साहेबांना उशीर झाला तर बाईंचा हक्क जात नाही, साहेबांच्या आळसाची शिक्षा पक्षकाराला कशी द्यायची? पण बाईंच्या मुदतीला 'शक्य असेल तिथवर' नाही. तिथे एक दिवस चुकला तर सगळं गेलं. कायदा दोघांशी वेगळं बोलतोय. ऐकू येतंय का?"

मला ऐकू येत होतं. पट्ट्या खणात टाकल्या त्या दिवसापासून पहिल्यांदा नीट ऐकू येत होतं.

सरांनी अर्ज तिथल्या तिथे सांगितला, मी टाइप केला. मग मी स्कूटर काढली. गावात फोन एकच, तोही उपसरपंचाच्या दुकानात. पेठ रस्त्यानं निघालो, पुढे घाटात पावसानं झोडपलं. पोचलो तेव्हा उजेड होता आणि बाई भाताच्या खाचरात लावणी करत होती. बांधावरून मी ओरडलो. ती सावकाश कंबर सरळ करून आली.

"सरांनी बघितलं. तुम्ही म्हणत होता ते खरं आहे. बायांसाठी वेगळं आहे."

ती म्हणाली, "मंग तवा नाय का म्हणले?"

"उद्याच शेवटचा दिवस आहे," मी म्हणालो. प्रश्नाला बगल दिली, हे तिलाही कळलं आणि मलाही. तिनं हात धुतले आणि अर्ज हातात घेतला. ती चौथीपर्यंत शिकली होती. खाली वाकून, ओळीवर बोट ठेवून, पुटपुटत तिनं दोन्ही पानं वाचली आणि मगच सही केली. पोस्टकार्डाच्या जागी बोट, एवढाच फरक. मी अर्ज घेऊन निघालो तर म्हणाली, "तुमच्याकडं नाय देत. मी सोता येते उद्या."

राग यायला हवा होता. आला नाही.

गुरुवारी ती पहिल्या गाडीनं आली. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक खिडकीवरचा कारकून म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या आणा. माझा जुना आवाज तेवढा कामाला आला. साहेब असोत नसोत, अर्ज आज आला हे शिक्क्यात दिसलं पाहिजे, असं मी साऱ्या व्हरांड्याला ऐकवलं. शिक्का पडला. तारीख मी तीनदा वाचली, चौथ्यांदा बाईनं वाचली.

सुनावणीत समोरच्या वकिलांनी दोन मुद्दे काढले. पहिला खरोखर चतुर होता. ते म्हणाले, परंतुक 'स्त्रीसाठी राखीव' पदाबद्दल आहे. हे पद अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी राखीव आहे. तो वेगळा वर्ग, म्हणून परंतुक लागू नाही. ऐकताना मलाही ते पटलं.

सर उठले. आरक्षणाचं कलम काढलं, पोस्टकार्ड ठेवलं आणि त्या हळू आवाजात वाचलं. एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव, आणि त्यापुढे कंसात, अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय स्त्रियांसाठी राखून ठेवलेली पदं धरून. "साहेब, कायद्यानंच या बाईंना स्त्रियांत धरलंय. आमचे मित्र त्यांना बाहेर काढताहेत, पण कंस वाचल्याशिवाय." जिल्हाधिकारी पुढे वाकून ऐकत होते.

दुसरा मुद्दा असा की पावणेसात सदस्य असत नाहीत, म्हणून अपूर्णांक सोडून सहाच धरावेत. सर म्हणाले, "कायद्यानं 'जवळपास' म्हटलेलं नाही, 'कमी नाही' म्हटलंय. सहा पावणेसातांपेक्षा कमी आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. सात असते तर आम्ही आलोच नसतो." जिल्हाधिकाऱ्यांनी तहसीलदारांच्या कार्यालयातलं पुस्तक मागवलं. ते जुन्या छपाईचं होतं. त्यातही पट्टी नव्हती. माझ्यासारखं तिथेही कुणीतरी सवडीची वाट पाहत असणार. त्या क्षणी मला त्या अनोळखी माणसाबद्दल भलती माया वाटली.

निकाल बाईच्या बाजूनं लागला. ठराव मंजूर झालाच नव्हता. ती सरपंच होती.

निकालाची प्रत घ्यायला ती ऑफिसात आली, पाय धुऊन. सरांना वाकून नमस्कार करू लागली तर सर मागे सरकले. "अहो, मला कसला? तुम्ही ते ट्रेनिंगमधलं लक्षात ठेवलं, ते आधी. आमच्याकडे पुस्तकं एवढी, तरी..." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बाई म्हणाली, "ते लिवलंय ते मला दावा की."

मी पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवलं. पट्टी मी त्या बुधवारीच चिकटवली होती. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचला, 'स्त्री धारण करत असेल' हे दोनदा. मग पट्टीच्या नव्या पांढऱ्या कागदाकडे आणि पुस्तकाच्या पिवळ्या पानाकडे बघून तिनं विचारलं, "मी शनवारी आले तवा हे कुठं व्हतं?"

सर खिडकीबाहेर एसटीकडे बघत होते. उत्तर त्यांनी माझ्यासाठी मोकळं सोडलं होतं.

"माझ्या खणात होतं," मी म्हणालो. "चिकटवायचा कंटाळा केला मी. तुमची विहीर गेली असती."

पट्टीचा एक कोपरा सुटला होता. तिनं अंगठा जिभेला लावला आणि लावणीनं खरबरीत झालेल्या त्या अंगठ्यानं तो कोपरा दाबून धरला, डिंक बसेपर्यंत.

"बाकीच्या पण चिकटवा आता," ती म्हणाली. "आणिक कुणाकुणाच्या असतील त्यात."

त्या संध्याकाळी मी खण रिकामा केला.